जईफ हदीसला दुसऱ्या सनदींचा आधार कधी मिळतो: ‘ला जरर व ला जिरार’ हातात घेऊन पायरी-पायरीने

इमाम नववींचा ‘अरबईन’ हा चाळिसेक हदीसांचा छोटा संग्रह मदरशात शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून जातो. त्यात दोन ठिकाणी त्यांनी दिलेले निर्णय नवख्याला बुचकळ्यात टाकतात. प्रस्तावनेत ते एक रिवायत देतात: जो माझ्या उम्मतसाठी चाळीस हदीसा जतन करील त्याला कयामतच्या दिवशी अमुक दर्जा मिळेल. ही रिवायत कोणाकोणाकडून आली ते सांगताना ते नऊ सहाबींची नावं घेतात, आणि लगेच म्हणतात की सनदी पुष्कळ असल्या तरी ही हदीस जईफ, म्हणजे कमजोर आहे यावर हाफिजांचं एकमत आहे. त्याच पुस्तकात बत्तिसावी हदीस येते, ‘ला जरर व ला जिरार’. कोणाला नुकसान पोचवायचं नाही आणि नुकसानीच्या बदल्यात उलट नुकसानही करायचं नाही, असा तिचा साधारण अर्थ. तिच्याबद्दल ते लिहितात की ही हसन, म्हणजे स्वीकारण्याजोगी आहे, आणि तिच्या सनदी एकमेकींना बळ देतात.

एकच लेखक, एकच पुस्तक. एकीकडे नऊ सहाबींची नावं असूनही हदीस जईफच राहिली, दुसरीकडे मोजक्या कमजोर सनदी मिळून ती हसन झाली. म्हणजे सनदींची संख्या निर्णायक नाही. मग काय निर्णायक आहे, ते या बत्तिसाव्या हदीसवरच एकेक पायरी चढत पाहू. वाचकाला सनद म्हणजे रावींची साखळी आणि मतन म्हणजे प्रत्यक्ष मजकूर एवढं ठाऊक आहे, असं धरून चालतो.

पहिली पायरी: हाताशी असलेली सनद लिहून काढा आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधा

‘सनद जईफ आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कडीत काय बिघडलं आहे हे कळल्याशिवाय त्याला आधार चालेल की नाही, हे सांगता येत नाही. आपली हदीस सुनन इब्न माजात 2340 क्रमांकावर आहे. ती सनद अशी:

इब्न माजा ← अब्दरब्बिही बिन खालिद ← फुदैल बिन सुलैमान ← मूसा बिन उकबा ← इसहाक बिन यह्या बिन अल-वलीद ← उबादा बिन सामित (र.) ← प्रेषित मुहम्मद (स.)

आता शेवटच्या टोकाकडची कडी बघा. इसहाक हा उबादांचा पणतू. उबादा (र.) हिजरी 34 मध्ये वारले आणि इसहाक हिजरी 131 मध्ये मारला गेला. मध्ये सत्त्याण्णव वर्षं. पणतवाने पणजोबांच्या तोंडून ऐकणं इथे शक्य नाही, म्हणजे मधला कोणीतरी गळला आहे. अशा सनदीला मुनकतिअ, म्हणजे तुटलेली म्हणतात. मृत्यूची वर्षं शेजारी-शेजारी लिहायची सवय लावून घ्या. तुटलेल्या निम्म्या सनदी तिथेच ओळखू येतात. शिवाय इसहाकचा स्वतःचा दर्जाही माहीत नाही. हाफिज इब्न हजर त्याला ‘मजहूलुल हाल’ म्हणतात. खालच्या बाजूला फुदैल बिन सुलैमान आहे, तो खरा माणूस पण पुष्कळ चुका करणारा.

या सनदीत खोटं बोलल्याचा आरोप कोणावरही नाही. तुटलेली कडी, अज्ञात अवस्था आणि चुका, एवढेच दोष आहेत. ही नोंद पुढे कामाला येईल.

दुसरी पायरी: बाकीच्या सनदी गोळा करा

या शोधालाच मुहद्दिसांच्या भाषेत ‘एतिबार’ म्हणतात. आज शामिला या मोफत ग्रंथालयात अरबी शब्द टाकून शोधता येतं. पण पूर्ण वाक्य टाकू नका, कारण कुठे ‘जिरार’ आहे तर कुठे ‘इजरार’. जेर-जबर न लावता एवढंच टाका:

```
لا ضرر
```

शब्दशोधाची एक मर्यादा आहे. हाच अर्थ वेगळ्या शब्दांत आलेला असेल तर तो असा सापडत नाही. त्यासाठी विषयाचा बाब उघडून वाचावा लागतो. इथे तो शेजाऱ्यांचे हक्क आणि न्यायनिवाडे यांचा. इमाम तिरमिजी बऱ्याच हदीसांखाली ‘व फिल बाब’ म्हणून सहाबींची नावं देतात. ती यादी शोधाला फार उपयोगी पडते. मात्र त्या सगळ्यांनी हेच शब्द सांगितले, असा तिचा अर्थ नसतो. त्या विषयावर त्यांचीही काही रिवायत आहे, एवढंच ती सांगते.

सहाबीच्या नावावरून शोधायचं असेल तर हाफिज मिज्जींचं ‘तुहफतुल अशराफ’ हे हुकमी साधन आहे. कुतुबे सित्ताच्या सनदी त्यात सहाबीवार आणि पुढे त्यांच्या शिष्यांवार लावलेल्या आहेत. मराठी वाचकाने अभिमानाने सांगावं असं म्हणजे, या ग्रंथाची जगभर वापरली गेलेली आवृत्ती अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी संपादित केली आणि ती आपल्या भिवंडीतून, अद-दारुल कय्यिमाकडून, 1965 पासून खंड-खंड करत निघाली. त्या पानांवरची एकाखाली एक लावलेली नावं पाहिली की सनदींची झाडं कशी वाढतात ते आपोआप समजू लागतं.

आपल्या हदीससाठी जैलईंचं ‘नस्बुर्राया’ आणि इब्न रजब यांची बत्तिसाव्या हदीसवरची टीका वाचली की बहुतेक सनदी हाती येतात. इथे महत्त्वाच्या तेवढ्या घेतो.

मुवत्तात इमाम मालिक ही हदीस अम्र बिन यह्या अल-माजिनीकडून घेतात, अम्र आपल्या वडिलांकडून, आणि वडील थेट प्रेषितांकडून (स.) सांगतात. वडील यह्या बिन उमारा हे ताबिई आहेत. त्यांनी प्रेषितांना (स.) पाहिलेलं नाही, म्हणून ही मुर्सल.

दारकुतनी आणि हाकिम यांच्याकडे तीच सनद अब्दुल अजीज दरावर्दीकडून येते, पण तिथे यह्या बिन उमारांच्या वर अबू सईद खुदरी (र.) यांचं नाव आहे. म्हणजे ही जोडलेली सनद.

इब्न अब्बास (र.) यांची रिवायत त्यांचा शिष्य इकरिमाकडून येते. इकरिमाकडून ती जाबिर अल-जुअफी सांगतो (इब्न माजा 2341 आणि मुसनद अहमद), सिमाक बिन हर्ब सांगतो, आणि दाऊद बिन हुसैनही सांगतो.

अबू दाऊद यांच्या ‘मरासील’मध्ये वासिअ बिन हब्बान यांची आणखी एक मुर्सल आहे. आणि हजरत आयेशांच्या (र.) नावाने एक सनद वाकिदीमार्फत येते.

तिसरी पायरी: सनदी कुठे एकत्र येतात ते बघून नाव द्या

कागदाच्या माथ्यावर प्रेषितांचं (स.) नाव लिहा, त्याखाली सहाबी, त्याखाली त्यांचे शिष्य. मग सापडलेली प्रत्येक सनद वरून खाली उतरवा. दोन रेषा कुठे मिळतात यावर नाव ठरतं.

इकरिमाकडे बघा. जाबिरने जे सांगितलं तेच सिमाकनेही त्याच उस्तादाकडून सांगितलं. सिमाक हा जाबिरचा मुताबिअ झाला, आणि उस्ताद एकच असल्यामुळे ही मुताबअत ताम्मा, म्हणजे पुरती साथ. समजा साथ देणाऱ्याने इकरिमाला सोडून इब्न अब्बासांच्या (र.) दुसऱ्या शिष्याकडून हेच सांगितलं असतं, तर ती मुताबअत कासिरा, म्हणजे वरच्या टप्प्यावर भेटणारी अपुरी साथ ठरली असती. दोन्ही ठिकाणी सहाबी मात्र एकच असतो.

सहाबी बदलला की त्या रिवायतीला शाहिद म्हणायचं. उबादांच्या (र.) हदीसला इब्न अब्बासांची (र.) हदीस शाहिद आहे. शब्द तेच असले तर शब्दांचा शाहिद, अर्थ जुळला तर अर्थाचा. अर्थाच्या शाहिदचं उदाहरण अबू सिर्मा (र.) यांची रिवायत: जो दुसऱ्याला नुकसान पोचवील त्याला अल्लाह नुकसान पोचवील. ती अबू दाऊद, तिरमिजी आणि इब्न माजात आहे आणि तिरमिजींनी तिला ‘हसन गरीब’ म्हटलं आहे.

काही मुहद्दिस शब्द जुळले की मुताबिअ आणि नुसता अर्थ जुळला की शाहिद म्हणतात, मग सहाबी कोणीही असो. इब्न हजर यांनी सहाबीवरून नाव देण्याची पद्धत पुढे केली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच शिकवतात. जुनं पुस्तक वाचताना लेखक कोणत्या पद्धतीचा आहे हे बघावं. नाव काहीही पडलं तरी वजनात फरक होत नाही.

चौथी पायरी: प्रत्येक सनदीचा दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इब्न सलाह यांनी आपल्या मुकद्दिमात याची वाट घालून दिली आहे. रावी सच्चा आहे पण स्मरणशक्ती कच्ची, किंवा सनद मुर्सल आहे, तर तो दोष दुसऱ्या सनदीने भरून निघतो. रावीवर खोटेपणाचा आरोप असेल किंवा ती रिवायतच शाज, म्हणजे भक्कम रावींच्या विरोधात जाणारी असेल, तर तो दोष कितीही सनदी आल्या तरी भरून निघत नाही.

यामागचं कारण समजून घ्या. कच्च्या स्मरणशक्तीचा माणूस चुकतो, पण दर वेळी चुकत नाही. त्याने इथे बरोबर लक्षात ठेवलं की नाही, एवढीच शंका असते. त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा माणूस तीच गोष्ट सांगू लागला, तर दोघेही स्वतंत्रपणे तीच चूक करतील हा संभव फार कमी होतो. शंका मावळते. खोटारड्याची गोष्ट निराळी. त्याने दुसऱ्याची हदीस उचलून आपल्या नावाने नवी सनद जोडली असेल, तर त्याचं ‘जुळणं’ कशाचाच पुरावा नाही. चाळीस हदीसांच्या रिवायतीचं हेच झालं. नऊ सहाबींची नावं दिसतात, पण एकेक वाट तपासत गेलं की आधाराने भरून निघेल अशी कमजोरी कुठेच हाती लागत नाही.

नवख्याने इब्न हजर यांचं ‘तकरीबुत्तहजीब’ जवळ ठेवावं. त्यात प्रत्येक रावीवर एका ओळीचा निर्णय आहे आणि रावींच्या बारा पायऱ्या केल्या आहेत. ढोबळ मानाने ‘सदूक पण स्मरणशक्ती वाईट’, ‘मकबूल’, ‘मस्तूर’ आणि ‘जईफ’ या पायऱ्यांवरचा रावी आधार देऊ शकतो आणि घेऊ शकतो. ‘मतरूक’, म्हणजे टाकून दिलेला रावी, आणि त्याच्या खालचे, म्हणजे खोटेपणाचा आरोप असलेला आणि उघड खोटारडा, यांना मोजणीतून काढून टाकायचं. ‘मकबूल’ हा शब्द फसवा आहे. तो दिसला की रावी स्वीकारार्ह आहे असं वाटतं, पण इब्न हजर यांनी स्वतःच सांगितलं आहे की साथ मिळाली तर मकबूल, नाहीतर तो ढिला.

आता आपल्या सनदी या चाळणीतून काढू.

वाकिदी मतरूक आहे, म्हणून हजरत आयेशांची (र.) सनद बाजूला ठेवा. शेवटच्या बेरजेत तिचं नावही येता कामा नये.

जाबिर अल-जुअफी हा खरा पेच आहे. शुअबा आणि सुफियान सौरी यांनी त्याच्याबद्दल चांगलं बोललेलं आढळतं, तर इमाम अबू हनीफा त्याला मोठा खोटारडा म्हणत आणि नसाईंनी त्याला मतरूक ठरवलं. ‘तकरीब’मध्ये मात्र तो फक्त ‘जईफ’ आहे. अशा ठिकाणी एका ओळीच्या निर्णयावर विसंबू नये. मी जाबिरला मोजत नाही. इतक्या गंभीर आरोपांचा माणूस गाळूनही काम भागत असेल तर भागवावं, आणि इथे इकरिमाकडून येणारे दुसरे दोघे आहेत.

त्या दोघांचीही अडचण आहे. सिमाक स्वतः सदूक, म्हणजे सच्चा, पण नेमकं इकरिमाकडून सांगताना तो गोंधळतो. दाऊद बिन हुसैन विश्वासू, पण इकरिमाकडून त्याने सांगितलेल्या रिवायतींवर अली बिन मदीनी आणि अबू दाऊद यांनी बोट ठेवलं आहे, शिवाय त्याच्या खालचा रावीही जईफ आहे. रावीचा एकंदर दर्जा आणि एखाद्या उस्तादाबरोबरचा त्याचा दर्जा वेगळा असू शकतो, हे या दोघांवरून शिकण्यासारखं आहे. तरी दोघांचा दोष घोटाळ्याचा आहे, लबाडीचा नाही. म्हणून इब्न अब्बासांची (र.) वाट कमजोर, पण आधाराला चालणारी अशी धरतो.

पाचवी पायरी: सनदी खरोखर वेगळ्या आहेत का?

या पायरीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. कागदावर दोन सनदी दिसतात म्हणून त्या दोन असतीलच असं नाही. एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत भरलं म्हणजे विहिरी दोन होत नाहीत.

मुवत्ताची मुर्सल आणि अबू सईदांची (र.) जोडलेली सनद पुन्हा बघा. दोन्ही अम्र बिन यह्याकडूनच येतात. फरक इतकाच की मालिक सहाबीचं नाव घेत नाहीत आणि दरावर्दी घेतो. नवखा इथे आनंदाने लिहितो: ‘मुर्सलला जोडलेल्या सनदीचा आधार मिळाला.’ पण विचार करा. अम्रने आपल्या शिष्यांना एकच गोष्ट सांगितली असणार. एका शिष्याने ती सहाबीशिवाय पुढे नेली, दुसऱ्याने सहाबीसकट. दोघांपैकी बरोबर कोण, हा इथला खरा प्रश्न आहे. आधाराचा प्रश्नच इथे येत नाही.

मालिक हे मदीनेचे इमाम, घेताना आणि सांगताना अत्यंत काटेकोर. दरावर्दी सदूक आहे, पण दुसऱ्यांच्या वह्यांमधून सांगताना चुकणारा. शिवाय दरावर्दीकडून ही सनद उस्मान बिन मुहम्मद बिन उस्मान सांगतो आणि त्याचीच अवस्था नीट माहीत नाही. बैहकींनी नोंदवलं की दरावर्दीकडून हे सांगणारा तो एकटाच आहे. इब्न अब्दुल बर्र यांच्याकडे मात्र उस्मानला अब्दुल मलिक बिन मुआजची साथ मिळते. म्हणजे उस्मानचं एकटेपण गेलं आणि चुकीचा संशय दरावर्दीवर सरकला. मालिकांच्या समोर दरावर्दीचं पारडं हलकं पडतं, म्हणून बऱ्याच जणांनी मुर्सलच खरी मानली. हाकिमांनी जोडलेल्या सनदीला सहीह म्हटलं आहे, पण हाकिम सहीह ठरवण्यात सैल आहेत हे मुहद्दिसांमध्ये सर्वश्रुत आहे.

याचा परिणाम असा: मुर्सलच बरोबर असेल तर अबू सईदांची (र.) सनद ही स्वतंत्र साक्ष नाही, ती मुर्सलचीच चुकून झालेली प्रत आहे. चुकीने तयार झालेली सनद कशालाच बळ देत नाही. इमाम अहमद म्हणत की जईफ रावींच्या हदीसची कधीतरी गरज पडते, पण मुन्कर, म्हणजे चुकीचीच ठरलेली रिवायत, ती कायम मुन्करच. म्हणून मोजताना या दोन्ही मिळून एकच धरा.

वासिअ बिन हब्बान यांची मुर्सल वेगळी आहे. तिचे रावी वेगळे, घराणं वेगळं. पण तीही मदीनेचीच, आणि ती सांगणारा मुहम्मद बिन इसहाक ‘अन’, म्हणजे नुसतं ‘अमक्याकडून’ म्हणून सांगतो, स्वतः ऐकल्याचं म्हणत नाही. तो मुदल्लिस असल्यामुळे मधलं नाव गाळलेलं असण्याची शंका राहते. मुर्सलला मुर्सलचा आधार घेताना इमाम शाफिईंनी ‘अर-रिसाला’त घातलेली अट लक्षात ठेवा: दोन्ही मुर्सल सांगणाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकांकडून इल्म घेतलेलं असलं पाहिजे. दोघांचा उस्ताद एकच निघाला तर गळलेला माणूसही एकच असू शकतो. यह्या बिन उमारा आणि वासिअ दोघेही मदीनेचे ताबिई आहेत, म्हणून ही शक्यता पूर्ण नाकारता येत नाही. आधार आहे, पण अर्ध्या वजनाचा.

उबादांची (र.) तुटलेली सनद आणि इब्न अब्बासांची (र.) इकरिमामार्फत येणारी सनद मात्र या मदीनी मुर्सलींपासून आणि एकमेकींपासून अलग आहेत. त्यांच्यात एकही सामाईक रावी नाही.

सहावी पायरी: मजकूर शेजारी-शेजारी ठेवा

बळ मिळतं ते फक्त समान भागाला. प्रत्येक रिवायतीचे शब्द एकाखाली एक लिहा आणि सगळ्यांत असलेल्या शब्दांखाली रेघ ओढा.

आपल्या हदीसमध्ये रेघ पडते ती ‘ला जरर व ला जिरार’ एवढ्यावरच. वासिअ यांच्या मुर्सलमध्ये ‘फिल इस्लाम’ हे शब्द जास्त आहेत. ते दुसऱ्या वाटांनी आलेले नाहीत, म्हणून त्यांना हा आधार लागू होत नाही. हाकिमांच्या रिवायतीत पुढे ‘जो नुकसान पोचवील त्याला अल्लाह नुकसान पोचवील’ असं वाक्य आहे, त्याचा हिशोब अबू सिर्मांच्या (र.) हदीसबरोबर वेगळा करायचा.

इब्न अब्बासांच्या (र.) रिवायतीत आणखी दोन गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीत तुळई टेकवायचा माणसाला हक्क आहे, आणि रहदारीचा रस्ता सात हात असावा. या दोन्ही गोष्टी अबू हुरैरांकडून (र.) बुखारीत स्वतंत्रपणे आलेल्या आहेत. म्हणजे इब्न अब्बासांची (र.) वाट कमजोर असली तरी तिच्यातले बाकीचे तुकडे भक्कम वाटांनी खरे ठरतात. त्या वाटेवरच्या रावींनी ही संपूर्ण रिवायत अगदीच गमावलेली नव्हती, असं यातून दिसतं. एरवी सुटून जाणारा हा पुरावा मजकूर शेजारी ठेवला की डोळ्यांसमोर येतो.

सातवी पायरी: सनदीबाहेरचा आधार बघा, पण त्याची जागा ओळखा

मुवत्ता उघडून ही हदीस जिथे आहे ते पान वाचा. मालिकांनी तिच्यापाठोपाठ काय ठेवलं आहे ते बघण्यासारखं आहे. आधी शेजाऱ्याच्या तुळईची हदीस, आणि मग त्याच अम्र बिन यह्याकडून, त्याच वडिलांकडून आलेला एक प्रसंग. जह्हाक बिन खलीफांना उरैजहून पाण्याचा पाट काढायचा होता आणि तो मुहम्मद बिन मस्लमा यांच्या जमिनीतून जाणार होता. मुहम्मद नाही म्हणाले. जह्हाक म्हणाले, तुझाच फायदा आहे, पहिलं पाणी तूच घेशील आणि शेवटचंही, तुला त्रास नाही. तरी नकारच. प्रकरण हजरत उमरांकडे (र.) गेलं. त्यांनी समजावून पाहिलं आणि मुहम्मद हटेनात तेव्हा म्हणाले, अल्लाहची शपथ, तुझ्या पोटावरून न्यावा लागला तरी तो पाट जाईल. आणि पाट गेला.

शाफिईंनी मुर्सलला बळ देणाऱ्या गोष्टींत सहाबीचं जुळणारं म्हणणं मोजलं आहे, बहुसंख्य आलिमांचे त्या अर्थाचे फतवेही मोजले आहेत. उमरांचा (र.) हा निवाडा त्या वर्गातला. हदीसचा अर्थ मदीनेत निवाड्याच्या रूपाने चालू होता, असं त्यातून दिसतं. कुरआनातही सूरह बकराच्या 231 आणि 233 या आयतींत तलाक आणि मुलाच्या संगोपनात एकमेकांना नुकसान पोचवण्याची मनाई आहे.

मात्र इथे एक सीमारेषा पाळा. आयतीने अर्थ खरा ठरतो. ‘हे शब्द प्रेषितांनी (स.) उच्चारले’ हे आयतीने सिद्ध होत नाही. अर्थ चांगला आहे म्हणून हदीस सिद्ध झाली असं मानणं ही या विषयातली सगळ्यात पसरलेली गल्लत आहे. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा’ हे वाक्य आपल्याकडे शाळांच्या भिंतींवरही दिसतं. त्याचा अर्थ कोणाला वाईट वाटेल? पण त्याची वाट अबू आतिका नावाच्या रावीवर येऊन अडते, त्याला बुखारींनी मुन्करुल हदीस म्हटलं आहे, आणि इब्न हिब्बान यांनी हे वाक्य निराधार ठरवलं आहे. त्याच रिवायतीचा पुढचा तुकडा, ‘इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे’, बऱ्याच वेगळ्या वाटांनी येतो आणि मिज्जींसारख्या जाणकाराने त्याच्या वाटा मिळून हसनपर्यंत पोचतात असं म्हटलं. एकाच वाक्याचे दोन तुकडे, दोन निकाल. समान भागाचा नियम इथे जसा उघडा दिसतो तसा क्वचितच दिसेल.

शेवटचं काम: निकाल लिहिणं

आपली बेरीज अशी राहते. एक मदीनी मुर्सल, तिचे रावी भक्कम. उबादांची (र.) तुटलेली सनद. इब्न अब्बासांची (र.) कमजोर पण आधाराला चालणारी सनद. वासिअ यांची मुर्सल, थोड्या वजनाची. वर उमरांचा (र.) निवाडा आणि आलिमांनी पिढ्यान्‌पिढ्या या हदीसवर चालवलेला अमल. अबू सईदांची (र.) सनद वेगळी मोजलेली नाही, जाबिर आणि वाकिदी गाळले आहेत. तरीही बाकी उरलेल्या वाटा अलग आहेत आणि त्यांच्यातले दोष भरून निघण्याजोगे आहेत. म्हणून नववींचा ‘हसन’ हा निर्णय मला पटतो. इब्न सलाह यांनीही सगळ्या वाटा मिळून हिला बळ मिळतं आणि ती हसन होते असंच म्हटलं आहे. अशा हदीसला हसन लिगैरिही म्हणतात: स्वतःच्या बळावर नव्हे, दुसऱ्यांच्या आधाराने हसन झालेली.

याविरुद्धचं मतही प्रामाणिकपणे लिहावं. इब्न अब्दुल बर्र म्हणतात की ही हदीस सहीह वाटेने जोडलेल्या रूपात येत नाही, आणि सनदीपुरतं ते म्हणणं बरोबरच आहे. मुर्सलला मुळातच पुरावा मानणाऱ्या मालिकी आणि हनफी आलिमांना एवढ्या बेरजेची गरजही पडत नाही.

वहीत नोंद करताना सनदीचा निकाल आणि हदीसचा निकाल वेगळ्या ओळींत ठेवा. इब्न सलाह यांची ताकीद आहे की जईफ सनद दिसली तर ‘या सनदीने जईफ’ म्हणा, सरसकट ‘जईफ हदीस’ म्हणू नका, कारण दुसरी वाट असू शकते. उलट बाजूनेही तेच. हदीस हसन ठरली म्हणून इब्न माजाची सनद हसन होत नाही. आपल्या हदीसची नोंद अशी होईल: ‘इब्न माजा 2340, सनद मुनकतिअ, इसहाकची अवस्था अज्ञात. मुवत्ता, मुर्सल, रावी विश्वासू. इब्न अब्बासांची (र.) वाट कमजोर. सगळ्या वाटा मिळून “ला जरर व ला जिरार” एवढा मजकूर हसन लिगैरिही. “फिल इस्लाम” ही भर त्यात नाही.’